हाकेला ओ

फोनवर आलेली अक्षरं वाचायची की नुसती बघून सोडून द्यायची, असा प्रश्न आमच्या वयाच्या माणसाला कधी पडेल असं वाटलं नव्हतं. आमच्या लहानपणी गावात पोस्टकार्ड यायचं. कार्ड लिहिणारा माणूस काहीतरी सांगायचं म्हणूनच लिहायला बसायचा. अक्षर कोंबडीच्या पायासारखं असलं तरी त्यात मजकूर असणार याची खात्री असायची. चुकून हात लागला आणि कार्ड लिहून झालं, पेटीत पडलं, असं काही होत नसे. आता होतं. बोट टेकलं की अक्षर उमटतं, बाण दाबला की ते निघून जातं. लहान पोर पाठवतं, खिशातला उघडा राहिलेला फोन पाठवतो, आणि ज्याला खरंच काही सांगायचंय पण चष्मा सापडत नाही तो म्हातारा माणूसही पाठवतो. तिघांचीही अक्षरं पहिल्या नजरेला सारखीच दिसतात.

म्हणून आधी ओळखायचं कसं ते सांगतो. ओळखल्यावर वागायचं कसं, हा खरा प्रश्न; तो मागून येतो.

आमच्या चार घरांची एक सामायिक विहीर आहे. तिचा स्टार्टर आमच्या घराशेजारच्या खोलीत. पाणी कुणाचं, पाळी कुणाची, हे ठरवायला पोरांनी फोनवर एक ग्रुप केलाय. शेतीची लाईट काही आठवडे दिवसा आणि काही आठवडे रात्री असते, त्यामुळं ग्रुपवर रात्री-अपरात्रीही काहीबाही येत असतं. मागच्या रब्बीत एका रात्री सव्वादोनला त्यावर हे आलं :

`mptpr bsnd kr paop nistls`

पाठवणारे तात्या. वय सत्तरीच्या पुढं, बोटं जाड, चष्मा बहुतेक वेळा घरी. एका पोरानं लगेच खाली हसणारं तोंड टाकलं आणि लिहिलं, ‘तात्यांच्या नातवानं फोन घेतला वाटतं.’ मी तेव्हा जागा होतो. आधी मनात आलं ते वेळेचं. सव्वादोन वाजता कुठलं पोर जागं असतं? मग बघितलं की अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडलेली आहे. पाच तुकडे, कुठलाही तुकडा फार लांब नाही. पोराच्या हातात फोन गेला की असं होत नाही. पोर दाबत सुटतं आणि एकच लांबलचक माळ तयार होते. पाभरीनं पेरलेलं आणि कोंबडीनं उकरलेलं रान लांबूनही वेगळं ओळखू येतं, कारण पेरलेल्यात तास असतात. मेसेजमधली मोकळी जागा म्हणजे ते तास.

मग मी फोनवरची इंग्रजी अक्षरांची पाटी समोर घेतली. वरच्या ओळीत `o` च्या उजवीकडं `p` आहे. मधल्या ओळीत `a` च्या उजवीकडं `s`. वरच्याच ओळीत `i` च्या उजवीकडं `o`. तात्यांचा अंगठा जिथं जिथं चुकला होता, तिथं तो एक घर उजवीकडं पडला होता. `mptpr` म्हणजे मोटर. `bsnd` म्हणजे बंद. `paop` म्हणजे पाइप. ‘मोटर बंद कर, पाइप निसटला.’ खालच्या शिवारात फोन लागत नाही, मेसेज तेवढा कधीमधी निसटून येतो. मी जाऊन स्टार्टर पाडला. सकाळी कळलं की पाइपाचा सांधा सुटून पाणी चार दिवसांपूर्वी लावलेल्या कांद्याच्या वाफ्यांवर चाललं होतं. दोन वाफे वाहून गेले, बाकीचे राहिले.

त्या रात्रीपासून घरातले लोक मला असे मेसेज आणून दाखवतात. त्यामुळं माझं थोडं निरीक्षण झालंय. नुसतं दाबलेलं असेल तर अक्षरं पाटीवर एकमेकांच्या शेजारची असतात. `ghjkhgfdjhkjhgghj` असं काही आलं तर ती सगळी मधल्या ओळीतली आहेत, आणि एवढ्या लांब माळेत एकही स्वर नाही. मराठी माणूस इंग्रजी अक्षरांत लिहितो तेव्हा दर दुसऱ्या-तिसऱ्या अक्षराला `a`, `i`, `u`, `e`, `o` यातलं एखादं येतंच, कारण आपलं बोलणंच तसं आहे. मात्र ही खूण आंधळेपणानं वापरू नये. कॉलेजातली पोरं स्वर गाळून `ky krtos` असं लिहितात आणि त्यांना ते वाचताही येतं. मराठी अक्षरांच्या पाटीवर तर ओळखणं आणखी सोपं. तिथं दाबादाबी झाली की काना, वेलांट्या, उकार अक्षरावाचून उमटतात. बऱ्याच फोनांवर त्या एका ठिपक्याठिपक्यांच्या पोकळ गोलाला लटकलेल्या दिसतात. शुद्धलेखन कितीही वाईट असलं तरी लिहिणारा माणूस काना कुठल्यातरी अक्षरालाच देतो. पोकळीला काना देत नाही.

आता एक फसवी गोष्ट. कधीकधी मेसेजमधले सगळे शब्द अगदी शुद्ध असतात आणि तरी मेसेज नसतो. फोन स्वतःहून पुढचा शब्द सुचवतो, तीन शब्द पाटीच्या वर दिसत राहतात. पोर तेच दाबत बसलं की ‘आहे का मी पण नाही तर आज काय आहे का’ असं तयार होतं. काही फोनांत बोट नुसतं पाटीवरून फिरवलं तरी शब्द बनतो. म्हणजे तात्यांच्या मेसेजमध्ये एकही लांब शब्द धड नव्हता आणि तो खरा होता. इथं सगळे शब्द धड आहेत आणि सांगणारं कुणी नाही. यावरून मला एवढं कळलं की अक्षरं शुद्ध आहेत की अशुद्ध, हा प्रश्न दुय्यम आहे. पलीकडं कुणाला काही पोचवायचंय का, हे बघायचं. आणि ते बघायला अक्षरांइतकाच पाठवणारा कोण, वेळ कुठली, एरवी तो कसा लिहितो, याचा उपयोग होतो.

त्यातच एक काळजीची गोष्ट सांगून ठेवतो. एरवी नीट लिहिणारं मोठं माणूस एकाएकी असं काही लिहायला लागलं की ज्याला शेजारच्या अक्षरांचाही हिशोब लागत नाही, तर हसू नये. ताबडतोब फोन करावा आणि त्याला बोलतं करावं. अर्धांगाचा झटका येतो तेव्हा बोलणं जसं बिघडतं तसं लिहिणंही बिघडू शकतं. बोलणं अडखळतंय, तोंड वाकडं होतंय, एक हात वर राहत नाही, असं दिसलं तर १०८ ला फोन करायचा. गुठळी विरघळवण्याचं औषध पहिल्या साडेचार तासांतच देतात, आणि तेही जितकं लवकर तितकं बरं. खेड्यातून मोठ्या दवाखान्यात पोचायलाच त्यातले दोन तास जातात. म्हणून अशा वेळी ‘पोरानं दाबलं असेल’ हा अंदाज महाग पडतो.

हे झालं ओळखण्याचं. आता समजा ओळखलं. रात्र नाही, दुपार आहे. म्हातारा नाही, पोरच आहे. आणि मजकूर काही नाही. मग काय करायचं? बरेच लोक इथं थांबतात. मजकूर नाही, म्हणजे उत्तर द्यायचं कारण नाही. मला हे पटत नाही.

माझी धाकटी नात पुण्याला असते. चार वर्षं झाली की तिनं तिच्या आईच्या फोनवरून मला अक्षरं पाठवायला सुरुवात केली. सुरुवातीचे मेसेज `jjjjjjjkkkkkllll` असे. एक बोट एका जागी टकटक, मग शेजारी, मग त्याच्या शेजारी. वर सांगितलेल्या सगळ्या कसोट्या लावल्या तर हे शून्य. पण सूनबाई सांगायच्या की ती आधी विचारते, ‘आबांचा फोटो कुठला?’ यादीतून माझा फोटो शोधते, तो दाबते आणि मगच अक्षरं दाबते. म्हणजे अक्षरांना अर्थ नव्हता, पण पत्ता होता. कुणाला पाठवायचं ते तिनं ठरवलं होतं.

आमच्या घरी या मेसेजना तीन तऱ्हेची उत्तरं गेली. तिची आजी दर वेळी ‘वा वा, किती छान लिहिलंस’ असं बोलून पाठवायची. प्रेमानंच. पण एकदा पोरीनं उलट विचारलं, ‘मग वाच ना, काय लिहिलंय मी?’ आजीला काही सुचेना. ‘आजी मला आवडते, असं लिहिलंयस,’ असं म्हणाली. दुसऱ्या दिवशी पोरीनं तोच मेसेज पुन्हा काढून वाचायला सांगितला, तेव्हा आजीच्या तोंडून वेगळंच काहीतरी आलं. पोरगी म्हणाली, ‘काल असं नव्हतं.’ तिला वाचता येत नव्हतं, पण लिहिलेलं रातोरात बदलत नाही हे तिला माहीत होतं. तिच्या चुलतभावाची तऱ्हा दुसरी. तो पाचवीत. त्यानं लिहिलं, ‘हे चुकीचं आहे, आधी एबीसीडी शिक.’ ते कुणीतरी तिला वाचून दाखवलं आणि मग आठवडाभर एकही मेसेज आला नाही. तिसरं उत्तर तिच्या काकाचं, हसणारं तोंड. त्यानं नुकसान झालं नाही, पण कुणी हाक मारावी आणि आपण नुसतं हसून पुढं जावं, तसं ते.

मला यातला पेच असा वाटतो. समजलं नसताना समजलं म्हणणं हे खोटं. लहान पोराशीही खोटं का बोलावं? आणि ‘यात काही अर्थ नाही’ म्हणणं खरं असलं तरी ते अर्धंच खरं. कारण तिनं जे केलं ते लिहिणं नव्हतं, हाक होती. हाकेला अर्थ विचारत नाहीत, ओ देतात. सहा महिन्यांचं बाळ ‘ब्बा ब्बा’ करतं तेव्हा आई त्याला वाक्य पुरं करायला सांगत नाही. ती ‘हूं’ म्हणते, ‘हो का रे’ म्हणते आणि त्याच्या पुढच्या ‘ब्बा’साठी थांबते. त्या ‘हूं’मध्ये खोटं काही नाही. मला कळलं असं त्यात म्हटलेलं नाही. मला ऐकू आलं एवढंच म्हटलेलं आहे. टाईप केलेल्या अक्षरांनाही असाच हूंकार देता येतो का, हे मी शोधत होतो.

पूर्वी आम्ही पत्र लिहायचो तेव्हा शेवटी कार्डाचा कोपरा मोकळा ठेवून पोराच्या हातात पेन द्यायचो. ते दोन-चार रेघोट्या मारायचं. खाली आपण लिहायचं, ‘या चिरंजीवांच्या रेघोट्या.’ ज्याला पत्र जाई त्याला त्या रेघा वाचायच्या नसतात हे कळायचं, आणि उलट टपाली तो लिहायचा, ‘रेघोट्या पोचल्या.’ तो शब्द मला फार योग्य वाटतो. आवडल्या नाही, समजल्या नाही. पोचल्या.

मी तेच करतो. मात्र तिला वाचता येत नाही, त्यामुळं मी लिहिलेलं उत्तर तिला दुसऱ्यानं वाचून दाखवावं लागतं, आणि तो दुसरा कामात असतो. म्हणून आवाज पाठवतो. दहा सेकंदांपेक्षा जास्त बोलत नाही. त्यापुढं ती उठून जाते. बोलणं साधारण असं : ‘पोचलं गं बाई. लय अक्षरं पाठवलीस. मधी एक `s` दिसला, तुझ्या नावातला. मी गोठ्यात आहे, गाय रवंथ करतेय. तू काय लिहिलंस गं?’ यात जे बोललो ते सगळं खरं आहे. पोचलं हे खरं, `s` दिसला हे खरं, बाकीचं मला कळलेलं नाही म्हणून विचारलं, तेही खरं. ती सांगेल तर ऐकायचं. नाही सांगितलं तर पुन्हा विचारायचं नाही, ती काही परीक्षा नव्हे. आणि तिच्या एका मेसेजला माझं एकच उत्तर. बोलताना पाळी असते, विहिरीच्या पाण्यासारखी. ती पोराला यातूनच कळते.

सात-आठ महिन्यांत तिचे मेसेज बदलले. एकाच अक्षराची टकटक बंद झाली आणि `sadkiohsbe` असं यायला लागलं. वरवर पाहता हेही दाबलेलंच. पण इथं शेजारशेजारची माळ नाही, बोट पाटीभर हिंडलंय, आणि सुरुवातीला मुद्दाम `s`. सूनबाईंनी सांगितलं की ती आता एकेक अक्षर शोधून दाबते, आणि तेच ते अक्षर पुन्हा आलं की पुसते. ‘सगळी सारखीच असली तर वाचता येत नाही,’ असं तिचं म्हणणं.

हे मी गावातल्या एका निवृत्त गुरुजींना सांगितलं, तेव्हा ते खुर्चीत पुढं सरकून बसले. एमिलिया फेरेरो नावाच्या अर्जेंटिनातल्या बाईंनी आना तेबेरोस्की या सहकारणीबरोबर १९७९ साली यावर पुस्तक लिहिलंय, असं ते म्हणाले. वाचता न येणाऱ्या चार-पाच वर्षांच्या पोरांना लिखाणाबद्दल काय वाटतं, ते त्यांनी पोरांनाच विचारून पाहिलं. पुष्कळ पोरांचं म्हणणं असं निघालं की दोन-तीनपेक्षा कमी अक्षरं असली तर ते वाचण्यासारखं नसतं, आणि तेच अक्षर सारखं आलं तरी नसतं. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. आणखी एक : काही पोरांना वाटतं की मोठ्या वस्तूचं नाव लिहायला मोठं असणार.

ते ऐकून मी त्याच संध्याकाळी नातीला सांगितलं, मला ‘बैल’ लिहून पाठव आणि ‘मुंगी’ लिहून पाठव. बैल आला तो `shdkaoebnrilt`. मुंगी आली `ske`. मी विचारलं, मुंगी एवढीशीच का गं? ती म्हणाली, ‘मुंगी छोटी असते ना आबा.’ बोलताना बैल हा मुंगीपेक्षा आखूड शब्द आहे, पण तिच्या लेखी बैलाला अक्षरं जास्त लागणारच. ही दोन्ही उत्तरं दुसऱ्या कुणाला दाखवली तर तो म्हणेल, पोरानं फोन दाबलाय. त्यात मात्र एक नियम होता, आणि तो विचारल्यावाचून कळण्यासारखा नव्हता. मुंगीला तीन अक्षरं दिली, दोन नाहीत, हेही गुरुजींच्या हिशोबात बसत होतं.

म्हणजे दाबलेलं आणि लिहिलेलं यांच्यात एक बांध आहे आणि पोर अलीकडं किंवा पलीकडं आहे, असं नसतंच. नुकत्याच उगवलेल्या रानात दोन पानांवर असताना तण कुठलं आणि पीक कुठलं हे जाणत्यालाही चटकन सांगता येत नाही. तिथं खुरपं घालायची घाई करत नाहीत. मोठ्या माणसाचा मेसेज वाचताना मी कसोट्या लावतो, कारण तिथं मजकूर हुकला तर नुकसान आहे. पोराच्या बाबतीत त्याच कसोट्या उत्तर द्यायचं की नाही हे ठरवायला लावत नाही. ती कुठवर आलीय हे कळायला लावतो.

यालाही मर्यादा आहेत. एका संध्याकाळी तिचे अकरा मेसेज आले. मी एकाला उत्तर दिलं आणि सांगितलं, ‘आता मी जेवतो, उद्या बोलू.’ प्रेमळ असणं म्हणजे रात्रभर फोन धरून बसणं नव्हे, आणि पोराच्या हातात फोन किती वेळ असावा हे त्याच्या आईबापानं ठरवायचं. अक्षरं माझ्याऐवजी भलत्याच नंबरावर किंवा ऑफिसच्या ग्रुपवर जायला लागली तर पोराला काही बोलायचं नाही, सूनबाईंना वेगळं कळवायचं. आणि शाळेच्या वेळेत, नात घरी नसताना, एकदम दोनशे अक्षरांची माळ आली तर तो पर्समधला उघडा फोन असतो. तेव्हा तेवढंच सांगायचं, की फोन बंद करा.

आमच्या पुतण्यानं मला विचारलं, की काका, पलीकडं कुणीच नसताना तुम्ही कधी ‘पोचलं’ म्हणाला असाल, मग ते वेडेपणाचं नाही का? असेल. पण हिशोब मांडून बघावा. पलीकडं कुणी नसताना मी ओ दिली तर माझी दहा सेकंदं गेली. पलीकडं कुणी असताना दिली नाही, तर तिला असं कळतं की अक्षरं पाठवून काही होत नाही. रात्री कुत्रं भुंकलं की आम्ही बॅटरी घेऊन बाहेर येतो. दहातल्या नऊ वेळा वारा असतो, नाहीतर शेजारचं मांजर. म्हणून कुणी उठायचं सोडत नाही, आणि उठल्याबद्दल कुणी कुणाला वेडंही म्हणत नाही.